पाच हत्ती आणि तीन सेकंद

माझा स्वभाव तापट आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी कोणावर ओरडलो की तुम्हाला दचकायला नको. बायको म्हणते, दुधाला उतू जायला जेवढा वेळ लागतो तेवढाही मला लागत नाही. पंचवीस वर्षं मी साबणाच्या, खोबरेल तेलाच्या, पंख्यांच्या जाहिरातींसाठी चार ओळींची गाणी लिहिली. पुढे जाहिरातवाल्यांना माझ्या ओळी जुनाट वाटायला लागल्या. आठ महिने घरी बसलो, कढ काढले, बायकोशी भांडलो, आणि शेवटी एका कार्टूनच्या छोट्या कंपनीत लागलो. लागलो म्हणजे काय, चाचणीवर घेतलं.

कंपनी कसली, एका लॉन्ड्रीच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. खालून दिवसभर इस्त्रीची वाफ आणि गरम कापडाचा वास. आम्ही चौघं होतो: मालकीणबाई, चित्रं काढणारी एक पोरगी, कापाकापी करून व्हिडिओ जोडणारा एक बुवा, त्याला आम्ही सगळे कात्रीवाला म्हणायचो, आणि मी.

काम असं होतं. लहान मुलांच्या एका वाहिनीला दोन ते तीन वर्षांच्या पोरांसाठी मोजणीचं गाणं हवं होतं. सव्वादोन मिनिटं, एक ते पाच आकडे, पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळी, आणि पोरांनी करायच्या कृती. शुक्रवारी वाहिनीच्या बाई एका पाळणाघरात जाऊन बारा पोरांसमोर ते लावून बघणार होत्या. पोरं उठून करायला लागली तर पुढचे भाग आमचे. नाही लागली तर मालकीणबाईंनी मला स्वच्छ सांगून ठेवलं होतं, "मग तुमचं काही खरं नाही हो. मला लेखक परवडणार नाही." त्या तोंडावर बोलतात, त्याबद्दल मला आदरच आहे. पण बावन्नाव्या वर्षी पुन्हा घरी बसायची माझी तयारी नव्हती.

मी झपाटून लिहिलं. पाच हत्ती बाकावर येऊन बसतात. पहिला हत्ती टोपीवाला, दुसरा हत्ती छत्रीवाला, तिसऱ्याच्या पायात बूट, चौथा फुगेवाला, पाचवा चष्मेवाला. प्रत्येकाला वेगळं यमक. तिसऱ्या कडव्यात तर मी 'बूट' ला 'ऊठसूट' जुळवलं होतं आणि स्वतःवरच खूश होऊन दुपारी दोन कप चहा प्यायलो होतो.

सोमवारी चित्रवाल्या पोरीने ते वाचलं आणि म्हणाली, "काका, मी एकदा मावशींना दाखवू का?"

"कोण मावशी?"

"मी लहानपणी ज्यांच्या पाळणाघरात होते ना, त्या."

मी म्हटलं, दाखव बाई, आता शेंबडी पोरं सांभाळणाऱ्या बायका माझी यमकं तपासणार! पोरगी हसली आणि निघून गेली. माझ्या आयुष्यात माझ्या फटकळ तोंडाने जेवढं बिघडवलं तेवढं कोणी बिघडवलं नसेल, पण त्या दिवशी त्या पोरीने माझं बोलणं मनावर घेतलं नाही. तिचे उपकार मानतो.

दुसऱ्या दिवशी मावशी आल्या. साठीच्या पुढच्या, ठेंगण्या, गुडघे दुखतात म्हणून जिना बाजूबाजूने चढणाऱ्या. बरोबर अडीच वर्षांची नात. सव्वीस वर्षं त्यांनी पाळणाघरात काढली होती, गुडघ्यांनी दगा दिला म्हणून दोन वर्षांपूर्वी सोडलं. खुर्चीवर बसल्या, दम घेतला, पर्समधून चष्मा काढला आणि माझी स्क्रिप्ट अथपासून इतिपर्यंत वाचली. मी उगाच टेबल आवरत बसलो.

"कविता गोड आहे," त्या म्हणाल्या. मी फुललो. "पण लेखकराव, यात पोरं काय करतात ते कुठे लिहिलंय?"

स्क्रिप्टला दोन रकाने असतात. डावीकडे चित्र, उजवीकडे आवाज. मी म्हटलं, हे बघा, इथे चित्र, इथे आवाज, पद्धतच आहे तशी.

"ते तुमचं झालं. पोराचं काय? तिसरा रकाना काढा. मूल काय करेल. तो रिकामा राहिला तर ती ओळ पोरासाठी नाहीच, तुमच्यासाठी आहे."

मी तिसरा रकाना आखला. टोपीवाल्या हत्तीसमोर मूल काय करेल? काहीच नाही, बघेल. छत्रीवाल्यासमोर? बघेल. फुगे, चष्मा, 'ऊठसूट', सगळीकडे बघेल, बघेल, बघेल. रकाना भरला पण माझं तोंड पडलं.

त्यांनी अजिबात टोचून न बोलता समजावलं. दर वेळी नवीन ओळ आली तर पोर ऐकतच राहणार, म्हणणार कधी? ओळ तीच हवी, फक्त आकडा बदलायचा. आणि पहिला, दुसरा नको. या वयाला एक, दोन, तीन. हत्तीही सगळे सारखे, करडे. टोपी घातली की पोर टोपी बघतं, मोजणी राहते बाजूला. चित्रवाल्या पोरीचा चेहरा मात्र उजळला, कारण पाच हत्तींचा संसार तिला काढायचा होता.

"बरं, एवढं तरी राहू द्या," मी म्हटलं. हत्ती चालत येतो तेव्हा मी 'धम् धम् धम्' लिहिलं होतं आणि पोरांनी तीनदा पाय आपटायचे होते. मला ते फार आवडलं होतं. मी उठून करूनच दाखवलं. समोर कागदावर एकच हत्ती. जमिनीवर पाय आपटले, धम् धम् धम्, खाली लॉन्ड्रीवाल्याने कोण मेलं म्हणून वर बघितलं असेल. मग नातीला विचारलं, "सांग बरं, हत्ती किती?"

नात थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तीन."

"अगं एकच आहे की! हा काय! एक!" माझा आवाज चढला.

"ओरडू नका, ती बरोबर सांगतेय," मावशी म्हणाल्या. "तुम्ही तीन वाजवलेत, तिने तीन मोजले. पोरं डोळ्यांनी कमी मोजतात, अंगाने जास्त मोजतात. एक हत्ती, एक धप्प, एक आकडा. मध्ये दुसरं काही वाजता कामा नये."

मी मटकन खाली बसलो. पंचवीस वर्षं लोकांच्या कानात ओळी कोंबल्या आणि एवढी साधी गोष्ट मला कळली नव्हती.

मग आम्ही तिघं बसून नवीन केलं. चहा आला, थंड झाला. पाय आपटणं गेलं, त्याजागी डोलणं आलं, कारण डोलणं सलग असतं, ते मोजता येत नाही. प्रत्येक कृती मोठी, अख्ख्या हाताची, अख्ख्या अंगाची. बोटांची बारीक कामं या वयाला जमत नाहीत. बसल्यावर पुढच्या कडव्यासाठी पोराला उभं कोण करणार, हेही मावशींनीच विचारलं. मी कडवं बसल्यावरच संपवलं होतं, म्हणजे दुसऱ्या हत्तीच्या वेळी बारा पोरं जमिनीवर आणि हत्ती एकटाच डोलतोय. म्हणून उठायची ओळ आली. शेवटी कागदावर हे उरलं:

*हत्ती आला हलत डुलत* (मूल: जागेवर डोलतं)
*सोंड वर, सोंड खाली* (मूल: हात वर, हात खाली)
*बाकावर बसला, धप्प!* (मूल: खाली बसतं, एकदाच)
*हत्ती किती?*
(तीन सेकंद काही नाही. मूल: सांगतं)
*एक! एक हत्ती.*
*उठा उठा, आणखी कोण?* (मूल: उठून उभं राहतं)

पाच वेळा हेच. आधीचे हत्ती बाकावरच राहतात, डावीकडून उजवीकडे बसत जातात, कोणी पडद्याबाहेर जात नाही. उत्तराच्या वेळी नव्या हत्तीची सोंड एकेकाला शिवते: एक, दोन, तीन. तीन हत्ती. शेवटचा आकडा पुन्हा एकदा, हत्तीसकट.

"हे दोनदा कशाला?" मी विचारलं. यमकवाल्याला फुकटची द्विरुक्ती खुपते.

मावशींनी चष्मा काढून ठेवला. मग सांगितलं. पाळणाघरात त्यांचं चौथं वर्ष. रोज पोरांना मागच्या अंगणात खेळायला न्यायचं, परत आणायचं, दारात मोजायचं. अकरा होती. त्या दिवशी त्यांनी नुसत्या नजरेने मोजली. दहा झाली आणि एक पोरगी धावत पुढून मागे गेली, ती पुन्हा मोजली गेली. अकरा. दार लावलं. पंधरा मिनिटांनी खाऊ वाटताना एक वाटी उरली. अंगणात घसरगुंडीखाली एक मुलगा एकटाच बसला होता. रडून रडून घसा बसलेला, आवाजच फुटत नव्हता.

"त्याला काही झालं नाही हो. त्याची आई मला एका शब्दाने बोलली नाही. पण त्या रात्री मी जेवले नाही. तेव्हापासून प्रत्येक डोक्याला हात लावून मोजते आणि शेवटी मोठ्याने म्हणते, अकरा. अकरा पोरं. नुसता अकरा म्हणजे तोंडातला आवाज. अकरा पोरं म्हटलं की ती आत आली." बोलताना त्यांनी नातीचा फ्रॉक नीट केला. "या पोरांनाही तेच शिकवायचंय ना आपल्याला? शेवटी म्हटलेला आकडा म्हणजे सगळे मिळून तेवढे. नाहीतर पाचपर्यंत पोपटही म्हणतो."

मी वाद न घालता ती ओळ पक्की केली. हे माझ्या बाबतीत फार क्वचित होतं.

आता राहिले ते तीन सेकंद. मला त्यांची धास्तीच वाटत होती. जाहिरातीत एक सेकंद मोकळा सोडला तर गळ्याला नख लागतं. मी म्हटलं, एक सेकंद पुरे. मावशींनी नातीला विचारलं, "चप्पल कुठेय?" आणि मला बोटाने गप्प राहायची खूण केली. नात बघत राहिली. मला वाटलं, हिला कळलंच नाही, मी सांगायला तोंडही उघडलं. तेवढ्यात तिने वळून दाराकडे बोट केलं.

"बघा. कानात जातं, मग डोक्यात जातं, मग तोंडाशी येतं. वाट लांब असते. आपण मध्येच उत्तर देऊन टाकतो आणि वर म्हणतो, पोर बोलत नाही."

बुधवारी चित्रवाल्या पोरीच्याच आवाजात गाणं रेकॉर्ड झालं, सावकाश, एखादं लहान मूल डोलेल त्या चालीवर. हत्ती तयार झाले. गुरुवारी दुपारी कात्रीवाल्याने जोडलेला व्हिडिओ दाखवला. छान चालला होता, पण मला काहीतरी टोचत होतं. घड्याळ बघितलं. सव्वादोन मिनिटांचा व्हिडिओ दोन मिनिटांवर आला होता.

"शांतता कुठेय?"

"कापली. पाचही," तो अभिमानाने म्हणाला. "मोकळ्या जागा राहिल्या होत्या. लोक म्हणतील अडकलं."

मी त्याच्यावर जो काही भडकलो! तोही कमी नाही, तो म्हणाला, वीस वर्षांत मोकळी जागा ठेवून कोणी माझं कौतुक केलेलं नाही. खरं सांगायचं तर चार दिवसांपूर्वी मी त्याच्याच बाजूने भांडलो असतो. मावशींना फोन लावला. त्या म्हणाल्या, त्याचंही खरं आहे, पडदा मेल्यासारखा वाटायला नको. आवाज शून्य ठेवा, पण हत्ती जिवंत ठेवा. म्हणून त्या तीन सेकंदांत हत्ती पोराकडे तोंड वळवतो, पापणी लववतो आणि कान पुढे करून वाट बघतो. कात्रीवाल्याने कुरकुरत ते केलं, पण आपला कापलेलाही ठेवून दिला. "उद्या लागेल," म्हणाला.

फोन ठेवताना मावशी म्हणाल्या, "आणि एक लक्षात ठेवा. तीनदा लावा. पहिल्यांदा पोरं बघतात, दुसऱ्यांदा हलतात, तिसऱ्यांदा बोलतात."

हे मी मालकीणबाईंना सांगितलंच नाही. वाहिनीच्या बाईंनी अर्धा तास दिला होता आणि एकदाच बघणार असं ठरलं होतं. मी मनात म्हटलं, होईल कसंतरी.

शुक्रवारी सकाळी दहा. पाळणाघराची खोली, भिंतीला खालून हात पोचेल तिथपर्यंत खडूच्या रेघा, मऊ चटया, बारा पोरं. वाहिनीच्या बाई हातात वही घेऊन मागे उभ्या. मालकीणबाई. कात्रीवाला मशीनपाशी. मावशींना मीच घेऊन आलो होतो, त्या कोपऱ्यात छोट्या स्टुलावर बसल्या, पडद्याकडे पाठ आणि पोरांकडे तोंड करून.

गाणं लागलं. हत्ती डोलत आला. पोरं बघत राहिली. धप्प. हत्ती किती?

शांतता.

तीन सेकंद म्हणजे काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. एकही पोर हललं नाही. एकाने नाकात बोट घातलं. दुसरा हत्ती, तीच गत. पाचव्या हत्तीपर्यंत बारा पोरं दगडासारखी बसून होती आणि माझ्या शर्टाची पाठ घामाने भिजली होती.

"मध्येमध्ये अडकतंय का?" वाहिनीच्या बाईंनी विचारलं.

"नाही, ते मुद्दाम..." मालकीणबाई माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांची नजर काय सांगत होती ते मला पूर्ण कळत होतं.

"माझ्याकडे कापलेला आहे," कात्रीवाला म्हणाला. "एकदम फटाफट. लावू?"

"तो दाखवा," बाई म्हणाल्या.

मावशी कोपऱ्यातून माझ्याकडे बघत होत्या. तो कापलेला लावला असता तर पोरांना निदान मजा वाटली असती, बाईंना काहीतरी चाललंय असं वाटलं असतं, आणि मी कदाचित वाचलो असतो. जन्मभर मी हेच करत आलो. समोरचा गप्प झाला की घाबरून काहीतरी भरायचं. 

"तो नको," मी म्हटलं. "हाच पुन्हा लाव. पोरांनी पहिल्यांदा नुसतं बघितलं. आता हलतील. आणि बाई, माफ करा, पण तुम्ही पडद्याकडे बघू नका, पोरांकडे बघा."

मालकीणबाईंनी डोळे मिटून घेतले. कात्रीवाला वाहिनीच्या बाईंकडे बघत थांबला. त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "लावा."

हत्ती आला हलत डुलत. पुढच्या रांगेतली एक गुबगुबीत पोरगी बसल्याबसल्याच डोलायला लागली. तिचं बघून शेजारचा. सोंड वर, सात-आठ हात वर. तिसऱ्या हत्तीला सगळी उभी होती आणि धप्पला सगळी एकदम खाली, एक पोरगा तर दुसऱ्याच्या मांडीवर. हत्ती किती? शांतता. कोणी बोललं नाही, पण ओठ हलत होते. मी बघितले, हलत होते.

"पुन्हा," वाहिनीच्या बाई म्हणाल्या. मी म्हटलं नाही, त्या म्हणाल्या.

तिसऱ्यांदा पहिल्याच हत्तीला, त्या तीन सेकंदांत, नाकात बोट घालणाऱ्या पोराने बोट काढलं आणि ओरडला, "एक!" मग गाण्यातलं "एक! एक हत्ती" आलं, आणि बरोबर आपलं तेच उत्तर पडद्यानेही दिलं म्हणून ते पोर असं काही हसलं की बाकीच्यांना राहवेना. दोनला चारजणं बोलली. तीनला अर्धी खोली. पाचव्या हत्तीला ती शांतता आली तेव्हा बाराच्या बारा पोरं पुढे झुकून हत्तीसाठी किंचाळली, "पाच! पाच हत्ती!" मालकीणबाईसुद्धा ओरडल्या. कात्रीवाल्याचे ओठ हलताना मी बघितले, तो कबूल करणार नाही.

वाहिनीच्या बाईंनी वही मिटली. "पुढचे सहा भाग तुमचे," त्या म्हणाल्या. "आणि ती शांतता कोणी कापायची नाही, करारात घालते." मालकीणबाईंनी माझा हात धरला आणि नुसता दाबला. सोमवारपासून दहाच्या आधी या, एवढं म्हणाल्या. म्हणजे मी राहिलो होतो.

मी कोपऱ्यात मावशींपाशी गेलो. काय काय बोलायचं होतं मला. रकाना, नात, घसरगुंडीखालचा मुलगा, सगळ्याबद्दल. त्यांच्या पायाशी चटईवर बसलो आणि एक शब्द फुटेना.  मावशी बघत होत्या, घाई केली नाही, माझ्या वतीने काही बोलल्या नाहीत. चांगला वेळ गेला. शेवटी माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "मावशी, तुमच्यामुळे."

त्यांनी माझ्या टकलावर हात ठेवला, पोरांच्या डोक्यावर ठेवतात तसाच.

"थांबलात हो तुम्ही," त्या म्हणाल्या. "शाबास."

घरी गेल्यावर बायकोला सांगितलं की नोकरी राहिली. ती म्हणाली, देव पावला. मग मी सांगितलं की मला शाबासकी मिळाली. कोणाकडून, तिने विचारलं. मी सांगायला गेलो आणि बावन्न वर्षांचा बाप्या गडी स्वयंपाकघरात उभा राहून ढसाढसा रडलो. बायकोने गॅस बंद केला आणि माझं रडून होईपर्यंत माझ्याजवळ उभी राहिली.